आईच्या फुप्फुसातलं प्रेशर: इको झाला, मग आता मानेतून नळी कशाला?

डिचोलीचा_बाळू

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

आई ६४ वर्षांची. शुगर पंधरा वर्षांची, बीपी त्याहून जुनं, उंची पाच फूट आणि वजन ७८ किलो. दरवर्षी चवथीला माटोळी बांधताना ती स्वतः स्टुलावर चढते आणि कोणालाही हात लावू देत नाही. यंदा खाली खुर्चीत बसून "तो नारळ डावीकडे घे" एवढंच सांगत होती. विचारलं तर म्हणाली, दम लागतो. पाय संध्याकाळी सुजलेले.

इको केला. रिपोर्टात: ईएफ ६०, डावा वरचा कप्पा मोठा, टीआर मॉडरेट, आरव्हीएसपी ६३, खाली ठळक अक्षरात 'सिव्हिअर पल्मनरी हायपरटेन्शन'. पहिल्या डॉक्टरांनी सिल्डेनाफिल २० दिवसातून तीनदा लिहून दिली. (केमिस्टने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते सोडा.) नवव्या दिवशी आई रात्री दोनला उठून बसली, आडवं पडवेना. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ती गोळी तिथल्या तिथे बंद केली, लघवीची गोळी वाढवली, चार किलो वजन उतरलं, झोप लागायला लागली. आता फाइलवर लिहिलंय: 'पीएच, ग्रुप २? ग्रुप १? आरएचसी करावी.' म्हणजे मानेतून हृदयाच्या उजव्या बाजूला नळी घालायची.

आईचा प्रश्न तोच माझा: "प्रेशर मोजलंय ना एकदा? परत कित्याक?"

कदंबा_पावणेसात

आमच्या मेव्हण्याची अँजिओग्राफी मनगटातून झाली. अर्ध्या तासात बाहेर. ब्लॉकेज निघालं नाही, बिल मात्र निघालं. आईची आधी अँजिओ झाली असेल तर हे डबल काम आहे, स्पष्ट विचारा.

कॅथलॅबचे_काका

कदंबा, ती वेगळी आणि ही वेगळी. अँजिओग्राफीत आम्ही धमनीतून जातो आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत रंग सोडून फोटो काढतो. इथे शिरेतून जायचं, उजव्या बाजूला, आणि फोटो नव्हे तर दाब मोजायचा. एकीत ब्लॉकेज दिसतं, दुसरीत प्रेशर. एकीचं उत्तर दुसरीत मिळत नाही.

मी सव्वीस वर्षं कॅथ लॅबमध्ये टेक्निशियन होतो, आता फोंड्याला घरी असतो. डॉक्टर नाही. औषधाबद्दल मला विचारू नका, नळीबद्दल विचारा.

छातीठोक

बाळू, मी छातीरोगाचा डॉक्टर आहे, मडगावच्या बाजूला. तुमच्या आईला तपासलेलं नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून नव्हे, समजून घ्यायला म्हणून वाचा.

इको दाब मोजत नाही. वेग मोजतो. उजव्या बाजूची झडप जरा गळते, तिच्यातून मागे उडणाऱ्या रक्ताचा वेग यंत्र पकडतं. आईच्या रिपोर्टात तो कुठेतरी ३.७ मीटर असा लिहिलेला असेल, शोधा. त्याचा वर्ग करून चारने गुणायचं, झाले ५५. त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा दाब मिळवायचा. तो मोजलेला नसतो. पोटातली मोठी शीर किती फुगलीय हे पाहून ३, ८ किंवा १५ धरतात. ८ धरले की ६३. तपासणाऱ्याला शीर जास्त भरलेली वाटली असती तर तुम्हाला ७० ऐकायला मिळाले असते. झोत तिरका पकडला आणि वेग ३.४ आला असता तर ५४. वेगाचा वर्ग होतो, म्हणून तिथली लहान चूक शेवटी मोठी होते. २००९ साली इको आणि नळीचे आकडे शेजारी ठेवून पाहिले गेले, तेव्हा जवळजवळ निम्म्या रुग्णांत १० पेक्षा जास्त फरक निघाला.

शिवाय हा ६३ म्हणजे ठोक्याच्या वेळचा वरचा आकडा. आजाराची व्याख्या सरासरी दाबावर आहे. निरोगी माणसात ती सरासरी १४ च्या आसपास असते. पूर्वी २५ पासून आजार धरत, २०१८ पासून तज्ज्ञ २० च्या वर धरू लागले आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेत तेच आलं. आणि हे सगळे आकडे नळीने मोजलेले, इकोचे नव्हेत.

पण माझं खरं म्हणणं पुढचं आहे. ६३ शंभर टक्के बरोबर आहे असं धरा. तरी तो का वाढलाय हे त्यातून कळत नाही.

आपल्याकडचं खाजन, नदीकाठचं बांध घातलेलं शेत, डोळ्यापुढे आणा. शेतात पाणी तुंबलंय. दोन कारणं असू शकतात. एक, शेतातला चरच गाळाने अरुंद झालाय. दोन, चर ठीक आहे, पण मानशीच्या दारापलीकडे नदीला भरती आहे, पाणी जाणार कुठे? बांधावर उभं राहून शेतातलं पाणी कितीही नीट मोजा, दोन्हींत आकडा सारखाच येईल. नदीची पातळी मोजावी लागते.

फुप्फुसाच्या धमन्या म्हणजे तो चर, हृदयाची डावी बाजू म्हणजे नदी. शुगर, बीपी, वजन आणि वय यांनी डावी बाजू ताठर झाली की ती सैल पडत नाही, तिच्यात दाब साठतो आणि मागे फुप्फुसात तुंबतो. ईएफ ६० असूनही हे होतं, कारण ईएफ पिळण्याचा आकडा आहे, सैल पडण्याचा नाही. हा ग्रुप २, आणि सगळ्यांत जास्त दिसणारा हाच. धमन्या स्वतःच जाड आणि अरुंद होणं हा ग्रुप १. तो दुर्मिळ. महागडी औषधं मुख्यतः त्याच्यासाठी बनली.

आता सिल्डेनाफिल काय करते? चर रुंद करते. नदीला भरती असताना चर रुंद केलात तर पाणी आणखी जोरात मानशीवर जाऊन थडकणार. आईला नवव्या रात्री जे झालं ते यामुळेच असेल असं शपथेवर सांगत नाही, पण मला ते नवल वाटत नाही.

औषधवाला_म्हापसा

डॉक्टरसाहेब, एवढं कशाला. नियम सोपा आहे. नळी घातली की वेज प्रेशर येतं. १५ च्या वर असेल तर डावं हृदय, म्हणजे ग्रुप २. १५ किंवा खाली असेल तर ग्रुप १, सिल्डेनाफिल सुरू. आमच्याकडे प्रिस्क्रिप्शन येतात त्यावरून सांगतो.

छातीठोक

पहिलं वाक्य बरोबर, दुसरं अर्धंच. १५ किंवा खाली आणि धमन्यांचा अडथळा २ वूडच्या वर, याचा अर्थ एवढाच की दोष नदीत नाही, चरात आहे. चर कशाने अडला हे अजून राहिलंच. फुप्फुसाचा जुना आजार आणि ऑक्सिजनची कमतरता असेल तर ग्रुप ३. जुन्या गुठळ्या चिकटून बसल्या असतील तर ग्रुप ४. सारकॉइड, डायलिसिसवरचे रुग्ण, काही रक्ताचे आजार अशी सरमिसळ ग्रुप ५ मध्ये जाते, आणि त्यातले काही तर नदीकडूनही बिघडतात. तीन, चार आणि एक यांचा वेज सारखाच नॉर्मल येऊ शकतो. ग्रुप १ हे नाव सगळ्यांत शेवटी द्यायचं असतं, बाकीचे दरवाजे बंद झाल्यावर.

शेवंती_पेडणे

मी फारशी लिहीत नाही, पण ग्रुप ४ वाचून राहवलं नाही.

माझ्या यजमानांना दोन वर्षं दमा म्हणून पंप दिले. त्याआधी पायाला प्लास्टर होतं, तेव्हा पोटरी सुजली होती, ते कोणी जोडलंच नाही. सीटी केला, रिपोर्ट 'गुठळी नाही'. आम्ही सुटलो म्हटलं. शेवटी एका बाईडॉक्टरांनी फुप्फुसाचा व्हीक्यू स्कॅन करायला लावला. त्यात काळ्या चित्रात ठिकठिकाणी तुकडे खाल्ल्यासारखे दिसत होते. हवा पोचत होती, रक्त पोचत नव्हतं. मग नळीची तपासणी. वेज १०. म्हणजे डावं हृदय साफ.

गोव्याबाहेर ऑपरेशन झालं. रक्त यंत्रावर घेतात, शरीर २० अंशांच्या आसपास थंड करतात आणि थोडा थोडा वेळ रक्त पूर्ण थांबवून धमनीच्या आतून साल सोलल्यासारखं काढतात. सर्जननी बशीत ठेवलेलं दाखवलं. झाडाच्या फांद्यांसारखं होतं, पिवळट. आता ते सकाळी समुद्रावर चालायला जातात. तेव्हा बाळूभाऊ, सीटीवर भागवू नका, स्कॅन झालाय का ते विचारा.

छातीठोक

शेवंतीताई, तुम्ही माझं काम केलंत. ताजी गुठळी सीटीत चांगली दिसते. जुनी भिंतीला चिकटून जाळीसारखी होते आणि ती बघण्याची सवय नसलेल्या डोळ्यातून सुटते. म्हणून कारण कळत नसलेल्या प्रत्येक पीएचमध्ये तो स्कॅन करायचा असतो. चार नंबर हा एकच ग्रुप असा की सुरीने मुळापासून काढता येण्याची आशा असते, तो सुटला तर वाईट वाटतं.

खाणीवरचा_दत्ता

सर एक शंका. आमचे बाबा २२ वर्ष खाणीवर शॉवेल चालवत होते, सत्तरी तालुक्यात. विड्या पण होत्या. आता ऑक्सिजन घरी आहे. इकोत ४८ आलंय आणि पीएच लिहिलंय. पण त्यांचं बीपी तर ११० च्या खाली असतं! लो बीपीवाल्याला हायपरटेन्शन कसं? रिपोर्ट चुकलाय का? आणि त्यांना पण ही नळी घालायची का?

छातीठोक

दत्ता, रिपोर्ट चुकलेला नाही, शब्द फसवा आहे. दंडाला पट्टा बांधून मोजतो ते शरीरभर जाणाऱ्या रक्ताचं बीपी. हे फुप्फुसातलं. दोन्ही वेगळ्या नळ्या, एकीत कमी आणि दुसरीत जास्त हे सहज होतं. म्हणून बीपीची गोळी वाढवून हे उतरत नाही.

बाबांना नळी लागेलच असं नाही. फुप्फुस इतकं खराब आहे की ऑक्सिजन घरी आलाय, इकोत दाब मध्यम आहे, म्हणजे कथा जुळते. ग्रुप ३ मध्ये नळी तेव्हा घालतात जेव्हा उत्तराने पुढचं पाऊल बदलणार असतं: फुप्फुस बदलण्याचा विचार असेल, किंवा फुप्फुस बऱ्यापैकी असून दाब मात्र अवाच्या सवा असेल. नुसतं कुतूहल म्हणून घालत नाहीत. त्यांचा ऑक्सिजन ठरलेल्या तासांइतका नीट लागतो का, हे पाहणं जास्त मोलाचं.

डिचोलीचा_बाळू

सगळं आईला वाचून दाखवलं. खाजनाचं तिला लगेच कळलं, तिच्या माहेरी मानस होती. पण 'वेज' ऐकून म्हणाली, "नळीतसुद्धा शिवराक?" काका, नळी नेमकं काय करते ते सांगा ना. आणि धोका? ती घाबरलीय, मी जास्त.

कॅथलॅबचे_काका

माउलीला सांगा, उपास मोडत नाही.

टेबलावर झोपवतात, भूल पूर्ण नसते. मानेत उजवीकडे किंवा कोपराजवळ सुन्न करायचं इंजेक्शन, तेवढंच टोचतं. नळी पेनाच्या रिफिलएवढी. टोकाला इवलासा फुगा, त्यात दीड सीसी हवा. फुगा फुगवला की रक्ताचा प्रवाहच त्याला पुढे नेतो. स्वान नावाच्या डॉक्टरला ही कल्पना समुद्रावर शिडाची होडी बघून सुचली म्हणतात, १९७० ची गोष्ट. त्याच्याही आधी १९२९ साली जर्मनीत फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. पुढे १९५६ मध्ये नोबेल मिळालं.

आमची नजर पडद्यावरच्या रेघेवर असते. पहिला कप्पा: बुटक्या लाटा. मग खालचा कप्पा आला की रेघ एकदम उंच उडते आणि दर ठोक्याला तळाला आपटते. तिथे दोन-चार ठोके चुकतात, पेशंट म्हणतो "छातीत फडफडलं", ते ठरलेलंच. पुढे सरकलो की माथा तेवढाच राहतो पण तळ वर उचलला जातो. तेव्हा आम्ही म्हणायचो, 'पीए आली', म्हणजे फुप्फुसाची धमनी. अजून पुढे गेलं की फुगा एका फांदीत अडकतो आणि उंच रेघ एकाएकी मऊ लाटांसारखी होते. हेच वेज. त्या फांदीतला प्रवाह थांबला, आता टोकापासून डाव्या कप्प्यापर्यंत रक्ताचा एक निवांत स्तंभ उभा आहे. नळी उजवीकडे आणि मोजतेय डावीकडचं. छातीठोकसाहेबांच्या भाषेत, मानशीच्या अलीकडे बसून नदी मोजली. मग फुगा लगेच सोडायचा, ताणून धरायचा नाही.

शेवटी गार सलाईन सोडून हृदय मिनिटाला किती लिटर रक्त फेकतं ते काढतात. तीनदा करून सरासरी.

धोका म्हणाल तर, अनुभवी केंद्रांतल्या सात हजारांवर तपासण्यांचा हिशेब २००६ मध्ये आला होता. गंभीर अडचण १.१ टक्का, मृत्यू ०.०५५ टक्का. मानेत रक्त साकळणं, ठोके बिघडणं, ही नेहमीची. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

आणि एक, जे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही. या तपासणीतली मोठी चूक नळी घालताना होत नाही, आकडा वाचताना होते. दाब मोजणारी डबी छातीच्या मध्याच्या उंचीला हवी. दहा सेंटिमीटर खाली राहिली की सात-आठ आकडे फुकटचे वाढतात. फुगा अर्धवट अडकला तर वेजमध्ये पीएचं प्रेशर मिसळतं आणि आकडा खोटा चढतो. शंका आली तर फुगा अडकलेला असतानाच टोकातून रक्त ओढून बघायचं. लालभडक आणि ऑक्सिजनने भरलेलं असेल तर वेज खरं. आणि श्वास. त्याबद्दल रिपोर्ट आला की बोलू. कागदावरच्या रेघेचा फोटो मागून घ्या, नुसते आकडे नकोत.

डिचोलीचा_बाळू (अकरा दिवसांनी)

झालं. आई म्हणते, दाताच्या डॉक्टरपेक्षा बरं. अकराला आत, साडेबाराला पेज पीत बसली होती.

रिपोर्ट: आरए ११. पीए ६०/२६, सरासरी ३७. वेज सरासरी १३. आउटपुट ४.८ लिटर. पीव्हीआर, म्हणजे धमन्यांचा अडथळा, ५.०.

माझं अज्ञान माफ करा, पण इको ६३ म्हणाला आणि नळी ६०. म्हणजे इको बरोबरच होता की!

औषधवाला_म्हापसा

मी म्हटलंच होतं. वेज १३. ३७ वजा १३ म्हणजे २४, भागिले ४.८ म्हणजे ५ वूड. ग्रुप १. पहिले डॉक्टर बरोबर होते. गोळी सुरू करा.

कॅथलॅबचे_काका

थांबा थांबा. बाळू, रेघेचा फोटो टाक.

डिचोलीचा_बाळू

हा घ्या. मला तर भरती-ओहोटीच दिसते.

कॅथलॅबचे_काका

बरोबर बघितलंस. नीट बघ, वेजच्या मऊ लाटा सगळ्या एका पातळीवर नाहीत. अख्खी रांग वर जाते, खाली येते, वर जाते. ते श्वास आहेत. अंगाने जड माणूस श्वास आत ओढतो तेव्हा छातीतला दाब खूप खाली जातो आणि हृदयातल्या सगळ्या रेघा सोबत खाली ओढल्या जातात. तुझ्या कागदावर खालच्या टोकाला वेज ७ च्या आसपास आहे. श्वास पूर्ण सोडून पुढचा घ्यायच्या आधीचा क्षण बघ, तिथे मला १९ दिसतंय. यंत्राला श्वास-बिश्वास कळत नाही, त्याने सगळ्याची सरासरी काढली आणि १३ छापलं. आम्ही पेशंटला "श्वास सोडा, थांबा" म्हणून तिथे हाताने खूण करायचो. पीएची सरासरी त्याच क्षणाला बघितली तर ४१ येते.

छातीठोक

काकांना सलाम. आता हिशेब परत मांडू. ४१ वजा १९ म्हणजे २२, भागिले ४.८ म्हणजे ४.६.

गंमत बघा. श्वासाने दोन्ही रेघा सोबत हलतात, म्हणून त्यांच्यातला फरक फारसा बदलला नाही: २४ चे २२. पीव्हीआर ५.० चा ४.६. पण वेज १५ च्या रेषेच्या या बाजूने त्या बाजूला गेलं. १३ म्हणजे 'दोष फक्त चरात'. १९ म्हणजे 'नदीला भरती आहे, आणि वर्षानुवर्षं तुंबून चरही अरुंद झालाय'. याला दोन्हींचा मिश्र प्रकार म्हणतात, आणि तो ग्रुप २ मध्येच जातो.

आणि बाळू, इको बरोबर होता हे खरंच. त्याचा ६३ चुकीचा नव्हताच. पण १३ की १९ हे तो सांगू शकत नव्हता, आणि गोळीचा निर्णय त्यावर आहे. शिवाय हा १९ कधीचा? लघवीच्या गोळीने चार किलो उतरल्यानंतरचा. ज्या रात्री ती उठून बसली त्या रात्री मोजला असता तर किती आला असता कोण जाणे.

औषधवाला_म्हापसा

म्हणजे छापील रिपोर्ट खोटा आणि फोटो खरा? उद्या कोणीही रेघेवर बोट ठेवून हवं ते म्हणेल.

छातीठोक

प्रश्न रास्त आहे, आणि मी त्यावर हात झटकणार नाही. श्वास सोडून झाल्यावर वाचायचं हा सर्वमान्य नियम. पण पोट मोठं असलेल्या माणसात श्वास सोडल्यावरही छातीत थोडा दाब उरतो, त्यामुळे १९ जरा फुगलेला असू शकतो. इतके मोठे हेलकावे असतील तर काही श्वासांची सरासरी चालेल अशी मुभा मार्गदर्शिकेतही आहे. माझे दोन सहकारी याच फोटोवर भांडतील. खरं वेज १३ आणि १९ च्या मध्ये कुठेतरी आहे म्हणा.

मग बाकीची साक्ष काढायची. ६४ वय, शुगर, बीपी, वजन, डावा कप्पा मोठा, सिल्डेनाफिलवर बिघडली, लघवीच्या गोळीवर सुधारली. सगळे साक्षीदार एका बाजूला बोलतायत. टेबलावर असतानाच पाच मिनिटांत ५०० मिली सलाईन देऊन वेज परत मोजता आलं असतं. ताठर डावी बाजू तेवढं पाणी सोसत नाही, वेज १८ च्या वर जातं. इथे ते केलेलं दिसत नाही. सगळीकडे करतही नाहीत.

कदंबा_पावणेसात

मी अँजिओचं बोललो ते मागे घेतो. पण खरं सांगा, इतकं सगळं करून उपचार काय बदलला? लघवीची गोळी तर आधीच चालू होती!

छातीठोक

एक मोठी गोष्ट बदलली: काय द्यायचं नाही हे ठरलं. दुखणं डाव्या बाजूचं असताना या गोळ्या देऊन बघितल्या गेल्यात. ताठर हृदयात सिल्डेनाफिल २०१३ च्या चाचणीत उपयोगी पडली नाही, आणि झडपेचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या चाचणीत तर ती घेणाऱ्यांचं वाईट झालं.

डिचोलीचा_बाळू

आज डॉक्टरांना भेटलो. काकांनी सांगितलेलं १९ त्यांनी स्वतःच पेनाने रेघेवर लिहिलेलं होतं, रिपोर्ट मात्र यंत्राने छापलेला तसाच राहिला होता. ठरलं ते असं: लघवीची गोळी चालू, डापाग्लिफ्लोझिन सुरू (शुगरलाही चालेल म्हणाले), मीठ बंद, म्हणजे सुकी मासळी आणि मिस्कूट दोन्ही बंद. घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. घोरते म्हणून झोपेची तपासणी. आणि शेवंतीताई, तुमचा व्हीक्यू स्कॅन मी विचारला, त्यांनी लगेच लिहून दिला.

सिल्डेनाफिलचं मात्र त्यांनी पूर्ण दार लावलं नाही. म्हणाले, अडथळा ५ च्या वर असता तर मोठ्या केंद्रात पाठवून विचार केला असता. छापील ५.०, हाताने ४.६. आपण काठावर बसलोय. तीन महिन्यांनी, वजन आणखी उतरल्यावर, परत बघू.

छातीठोक

मीही याहून वेगळं सांगितलं नसतं. काठावरच आहात. स्कॅन आला की इथे टाका. तो बिघडलेला निघाला तर ही सगळी चर्चा परत पहिल्यापासून.

शेवंती_पेडणे

मिस्कूटबद्दल वाईट वाटलं हो. आमच्याकडेही बंद झालं होतं.

कॅथलॅबचे_काका

बाळू, एक काम आजच कर. रिपोर्टाच्या पानावर १३ छापलंय. सहा महिन्यांनी कुठल्यातरी कॅज्युअल्टीत नवा डॉक्टर तेवढंच वाचेल आणि गोळी परत सुरू करेल. रेघेचा कागद त्याच पानाला टाच. थर्मल कागद असेल तर आधी झेरॉक्स काढ, तो दोन पावसाळ्यांत कोरा होतो.

डिचोलीचा_बाळू

टाचला. झेरॉक्सही काढली. आईने वरती स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'नदीला भरती आहे. निळी गोळी देऊ नये.'